हळद, तेल आणि घामाचे डाग सुती कपड्यांवरून कसे काढायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाँड्रीच्या काउंटरवर लोक जे विचारतात त्यातलंच हे आहे. मुंबईतल्या घरांत बहुतेक डाग तीनच गोष्टींचे असतात: डब्यातली आमटी-भाजी, डोक्याचं किंवा तळणाचं तेल, आणि लोकलमधला घाम. इथे फक्त सुती कपड्यांचा विचार केला आहे. रेशीम, लोकर आणि जरीच्या साड्यांना यातलं काही लावू नका.

आमटी सांडली म्हणून लगेच साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला. कपडा गेला का?

नाही. हळदीतलं रंगद्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, क्षार लागला की पिवळ्याचं लालसर-तपकिरी होतं. कपड्याच्या साबणाची वडी आणि धुण्याची पावडर या दोन्हींत क्षार असतो. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात तेव्हा हेच घडतं. साबण धुऊन टाकला, किंवा लिंबाचा एक थेंब पडला, की डाग पुन्हा पिवळा होतो. म्हणजे लाल झाला म्हणून बिघडलं नाही, आणि लाली गेली म्हणून डागही गेला नाही.

या लालीचा एक उपयोग मात्र आहे. धुऊन झाल्यावर कपड्यावर फिकट पिवळी छटा राहते, तेव्हा ती हळदीची, तेलाची की जुन्या घामाची, हे नुसतं बघून कळत नाही. अशा वेळी तिथे साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकून बघा. लालसर झाली तर हळद अजून शिल्लक आहे. रंग बदलला नाही तर पिवळेपणाचं कारण दुसरं आहे आणि उपायही दुसरा करावा लागेल. महागड्या डाग-काढू बाटलीवर खर्च करण्याआधी हा थेंब टाकून बघावा.

ऑफिसमध्येच डबा सांडला. घरी पोचेपर्यंत काय करू?

चमच्याच्या कडेने वरची आमटी खरवडून काढा. मग कागदी रुमालाने दाबून टिपून घ्या. पुसू नका, पुसलं की डाग पसरतो आणि सुताच्या आत शिरतो. वॉशरूममधला हात धुण्याचा साबण चोळू नका, गरम पाणीही नको. ऑफिसच्या पँट्रीत भांडी घासायचं लिक्विड असतं, त्याचा एक थेंब कोरड्या डागावर बोटाने हलकेच पसरवा आणि दहा मिनिटांनी ओल्या कागदाने टिपून घ्या. एवढं पुरे. बाकीचं घरी.

भांडी घासायचं लिक्विड कपड्याला? ते कशासाठी?

कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. आमटीतली हळद फोडणीच्या तेलातून कपड्यात जाते, आणि ते तेल तिला सुताच्या धाग्यात धरून ठेवतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी तेल, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी पांढरेपणा. बहुतेक लोक उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी व्हाइटनर, मग ब्लीच, आणि तरी डाग दिसतो म्हणून शेवटी साबण. तोवर दोन दिवस गेलेले असतात आणि मध्ये एकदा इस्त्रीही फिरलेली असते.

भांड्याचं लिक्विड तेल सोडवण्यासाठीच बनवलेलं असतं, आणि वडीच्या साबणापेक्षा त्यात क्षार कमी असतो. फक्त ते कोरड्या कपड्यावर लावा. कपडा आधी भिजवला तर सुतात पाणी भरतं आणि लिक्विड तेलापर्यंत नीट पोचत नाही.

एक उदाहरण घेऊन सगळं नीट सांगा ना.

समजा दुपारी डबा खाताना पांढऱ्या, शंभर टक्के सुती शर्टावर पोटाजवळ तळहाताएवढा तुरीच्या आमटीचा डाग पडला आणि तुम्ही रात्री आठला घरी पोचलात. डाग वाळलाय, कडा गडद आहेत, मध्ये फिकट आहे.

शर्ट उलटा करा आणि डागाच्या मागच्या बाजूने नळाची बारीक धार सोडा, म्हणजे मसाल्याचे कण आत न ढकलता बाहेर निघतील. पिळून, टॉवेलमध्ये दाबून शक्य तितका कोरडा करा. आता डागावर भांड्याच्या लिक्विडचा अर्धा चमचा टाका, बोटांनी पसरवा आणि पंधरा मिनिटं राहू द्या. जुना टूथब्रश असेल तर हलक्या हाताने फिरवा. घासू नका, सुताचे तंतू फुलतात आणि ती जागा डाग गेल्यावरही वेगळी दिसते. मग कोमट पाण्यात खळखळून धुवा. या टप्प्यावर पिवळा रंग जवळपास तसाच असतो आणि लोकांचा धीर सुटतो. पण ओल्या डागावर बोट फिरवून बघा. चिकटपणा आणि फोडणीचा वास गेला असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर लिक्विड पुन्हा एकदा.

आता रंग. प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर गरम पाणी घ्या. थर्मामीटर लागत नाही: एक भाग उकळतं पाणी आणि दोन भाग नळाचं पाणी मिसळलं की साधारण पन्नास अंश होतं. त्यात व्हॅनिशसारख्या ऑक्सिजनवाल्या डाग-काढू पावडरीचा एक मोठा चमचा पूर्ण विरघळवा. पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर ते पाळा. शर्ट पूर्ण बुडेल असा ठेवा. वर तरंगला तर ताट पालथं घाला, पण ते स्टीलचं नको, प्लास्टिकचं. सुरुवातीला डाग लालसर होईल, कारण ही पावडरही क्षारीय आहे. तासाभरात लाली फिकी पडत जाते. पाणी गार झालं आणि डाग अजून दिसतोय, तर नवं गरम पाणी आणि नवी पावडर घ्या. जुन्याच पाण्यात रात्रभर ठेवून फारसं काही मिळत नाही, कारण त्यातला ऑक्सिजन संपलेला असतो.

मग नेहमीसारखा धुवा आणि ओलाच उन्हात घाला, डागाची बाजू वर करून. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथे डाग होता हे सांगावं लागतं. डागाची रेषा दिसत असेपर्यंत इस्त्री करू नका.

नुसत्या उन्हानेही हळद जाते, हे खरं का?

खरं आहे. कर्क्युमिन प्रकाशात तुटतं. हळदीच्या कार्यक्रमातले कपडे दोन-तीन दिवस गच्चीवर टाकले की आपोआप उजळतात ते यामुळेच. कपडा ओला असताना हे लवकर होतं, म्हणून वाळला की पुन्हा पाणी शिंपडा. मात्र आधी तेल निघालेलं हवं. तेलकट डाग उन्हात टाकला तर हळद जाते आणि मागे तेलाचा तपकिरी ठसा राहतो, तो काढणं जास्त कठीण.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कुठून आणू?

ढगाळ उजेडही काम करतो, फक्त वेळ जास्त लागतो. हळद तोडायला प्रकाशातला निळा भाग पुरतो आणि तो काचेतूनही येतो. खिडकीच्या ग्रिलला, खोलीच्या आतल्या बाजूने, डाग बाहेर तोंड करून टांगा. पावसाळ्यात खरा भरवसा ऑक्सिजनच्या पावडरीवरच ठेवायचा. आणि दमट हवेत कपडा दोन दिवस ओलसर राहू देऊ नका. बुरशीचे काळे ठिपके पडले तर हळद परवडली असं वाटेल.

दुकानात दहा बाटल्या आहेत. कुठली घ्यायची?

बाटलीच्या पुढचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. प्रकार मुळात तीन आहेत.

पहिला ऑक्सिजनचा. घटकांत सोडियम परकार्बोनेट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लिहिलेलं असतं. व्हॅनिशसारखी उत्पादनं यातली. परकार्बोनेटची पावडर पाण्यात पडली की पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतात. बहुतेक पक्क्या रंगाच्या सुती कपड्यांना हे चालतं. गार पाण्यात पावडर मंद चालते. लोक गार पाण्यात टाकतात आणि मग ‘काही उपयोग नाही हो’ म्हणतात. विरघळवलेलं पाणी बंद बाटलीत किंवा स्प्रेमध्ये साठवू नका, आत वायू साठून बाटली फुटू शकते.

दुसरा क्लोरीनचा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. अला सगळ्यांना माहीत आहे. हळदीवर हा अतिशय वेगाने चालतो, पण फक्त पांढऱ्या शुभ्र सुतावर. चार लिटर गार पाण्यात दोन मोठे चमचे, दहा मिनिटं, आणि मग तीन पाण्यांतून खळबळून. पाणी न मिसळता बाटली सरळ कपड्यावर कधीच ओतू नका. डागासोबत सूतही विरतं आणि दोन-तीन धुण्यांनंतर बरोबर त्याच जागी भोक पडतं.

तिसरा व्हाइटनरचा. तो डाग काढतच नाही. त्याविषयी पुढे.

मला विचाराल तर घरात पहिला आणि भांड्याचं लिक्विड एवढं असावं. दुसरा फक्त पांढऱ्या चादरी, बनियन आणि पंच्यांसाठी.

रंगीत कुर्त्यावर हळद पडली तर?

तेल काढायची पायरी तीच. पावडर लावण्याआधी आतल्या शिवणीवर, जिथे कोणाला दिसणार नाही, चमचाभर गरम पाण्यात चिमूटभर पावडर विरघळवून दोन थेंब टाका. दहा मिनिटांनी पांढऱ्या कापडाने दाबून बघा. रंग उतरला तर थांबा. नीळीच्या, इकतच्या, हातछपाईच्या कपड्यांत हे बरेचदा होतं. अशा कपड्यांना लिक्विड आणि हलका उजेड एवढंच, तेही कपडा उलटा करून नाही, डाग वर ठेवून थोडा थोडा वेळ, कारण ऊन कपड्याचाही रंग खातं.

नीळ किंवा उजालाने डाग जाईल का?

नाही. नीळ आणि तसली लिक्विड हे निळसर-जांभळे रंग आहेत. पांढरा सुती कपडा वापरून पिवळसर पडतो, त्यावर थोडी निळी छटा चढली की पिवळेपणा डोळ्याला जाणवत नाही आणि कपडा पांढरा भासतो. पूर्वी घराघरांत टिनोपाल आणि रानीपाल असायचं, त्याचं काम जरा वेगळं. ते उन्हातले न दिसणारे किरण शोषून निळसर प्रकाश परत फेकतं. आजच्या बहुतेक धुण्याच्या पावडरींतही ते असतंच. काही केलं तरी यातल्या कशानेही हळदीचा किंवा घामाचा कण हलत नाही.

डाग शिल्लक असताना नीळ घातली तर पिवळ्यावर निळं बसून तिथे मळकट, हिरवट-राखाडी ठिपका दिसतो. म्हणून व्हाइटनर शेवटच्या पाण्यात, डाग गेल्यावरच. आधी अर्ध्या बादलीत थेंब पूर्ण मिसळा, मग कपडा बुडवा. थेंब सरळ कपड्यावर पडला तर निळा ठिपका बसतो. तसं झालं तर वाळू देऊ नका, लगेच कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा. आणि व्हाइटनरनंतर ब्लीच घालू नका, तो निळेपणाच आधी खाऊन टाकतो.

नुसत्या तेलाचा डाग, म्हणजे भजी, वडापाव, डोक्याचं तेल?

ताजा असेल तर टॅल्कम पावडर किंवा बेसन दाबून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, झटका, मग भांड्याचं लिक्विड कोरड्यावर. धुताना कपड्याला चालेल तितकं गरम पाणी.

फसगत होते ती तपासताना. ओला सुती कपडा सगळाच गडद दिसतो, त्यामुळे तेलाचा ठसा लपतो. ‘गेला’ समजून वाळत घातला, इस्त्री केली, आणि मग शर्टावर बशीएवढं वर्तुळ उमटलं. सावलीत आधी पूर्ण वाळवा, उजेडासमोर धरून बघा, आणि मगच इस्त्री करा.

उशीच्या अभ्य्रावरचा खोबरेल तेलाचा जुना पिवळा थर ही वेगळी गोष्ट. हवेने आणि उष्णतेने तेल सुतावर चिकट होऊन बसतं, वार्निशसारखं. त्याला लिक्विड तासभर, मग गरम पाण्यात ऑक्सिजनची पावडर, आणि हे दोन-तीनदा. चार वर्षांचा अभ्रा पूर्वीसारखा होईल असं मी कोणाला सांगत नाही.

काखेतले पिवळे डाग ब्लीचने जास्त पिवळे झाले. असं का?

घामाला रंग नसतो. पिवळेपणा तयार होतो तो घामातली प्रथिनं, अंगाचं तेल आणि घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार यांच्या मिश्रणातून. तुरटी फिरवत असाल तर त्यातही अ‍ॅल्युमिनियमच आहे. हे मिश्रण धाग्यात घट्ट बसतं, तिथला कपडा कडक होतो. हाताने चाचपून बघा, काखेची जागा पुठ्ठ्यासारखी लागते. क्लोरीनचं ब्लीच प्रथिनांशी मिसळून त्यांना आणखी पिवळं करतं. म्हणून घामाच्या डागाला क्लोरीन नाही.

त्याऐवजी आधी कडकपणा सोडवा. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व घालून काखेचा भाग अर्धा तास भिजवा. मग स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा. नंतर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. आपल्याकडे ते साधारण सहा टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घाला. त्याचे दोन चमचे, भांड्याचं लिक्विड एक चमचा, असं मिसळून डागावर पसरवा आणि पाऊण तास ठेवा. हातमोजे घाला. हे पांढऱ्यासाठी. रंगीत असेल तर आधी शिवणीवर बघून घ्या. शेवटी कोमट पाण्यात, एन्झाइम असलेल्या पावडरीने धुवा. ही एन्झाइमं प्रथिनं तोडतात, पण उकळत्या पाण्यात निकामी होतात, म्हणून पाणी हाताला सुखद वाटेल इतकंच गरम.

डाग पुन्हा येऊ नये म्हणून रोल-ऑन पूर्ण वाळल्यावर शर्ट घाला. संध्याकाळी घरी आल्यावर शर्ट बादलीत टाका. खुर्चीवर लटकवून उद्या घालायचा ही सवय डाग पक्का करते.

शर्ट पूर्ण सुती होता, रंगही पांढरा, तरी ब्लीचने सगळाच पिवळट झाला.

तो ‘इस्त्री लागत नाही’ प्रकारचा असणार. सुरकुत्या पडू नयेत म्हणून अशा सुतावर रेझिनचा थर देतात. काही थर क्लोरीन धरून ठेवतात आणि इस्त्रीची उष्णता लागली की पिवळे पडतात. लेबलवर त्रिकोणावर फुली असेल तर ब्लीच करू नका हाच अर्थ. लवचिकपणासाठी लायक्रा मिसळलेल्या कपड्यांनाही क्लोरीन चालत नाही.

सोसायटीत टँकरचं पाणी येतं. फरक पडतो का?

पडतो. तलावांचं पालिकेचं पाणी मऊ असतं, टँकरचं बरेचदा बोअरवेलचं आणि जड. जड पाण्यात साबणाचा फेस कमी होतो आणि कपड्यावर राखाडी साका बसतो, तो लोकांना डागच वाटतो. वडीच्या साबणाऐवजी पावडर किंवा लिक्विड वापरा. पाण्यात लोह असेल आणि क्लोरीनचं ब्लीच घातलं तर तांबूस ठिपके उठतात. तो गंज आहे, आणखी ब्लीच घातल्याने तो वाढेल. लिंबूसत्वाचं पाणी लावून बघा, पण आधी ब्लीच पूर्ण धुऊन काढा.

ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर घातलं तर जोर वाढेल?

अजिबात घालू नका. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. आपली न्हाणीघरं म्हणजे चार बाय चारची, खिडकी असेल तर वितभर. टॉयलेट साफ करायचं आम्ल आणि ब्लीच एका बादलीतही नकोत. नाकाला झोंबलं, खोकला आला, तर बादली तिथेच सोडून बाहेर या आणि दार-खिडक्या उघडा. खोकला किंवा दम थांबला नाही तर डॉक्टरकडे जा.

लाँड्रीत देताना काय सांगू?

डाग कशाचा, किती दिवसांचा, आणि घरी काय काय लावलं हे सांगा. ‘अला लावलं होतं’ हे ऐकलं की पुढे काय लावायचं ते बदलतं. डागाभोवती सुई-दोऱ्याने दोन सैल टाके घालून दिले तर बरं, कारण गठ्ठ्यात शर्ट शिरला की पांढऱ्यावरचा फिकट पिवळा ठिपका शोधणं अवघड जातं. आणि हळदीच्या डागावर तुम्ही स्वतः इस्त्री केली असेल तर तेही सांगा. पैसे तेवढेच घेऊ, पण डाग जाईल असं वचन देणार नाही.